आईवडिलांच्या बँकेतल्या तक्रारीचा पाठपुरावा मुलाने करायचा असेल तर: अधिकारपत्र आणि सोबतचे पत्र (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सोयीसाठी सगळी उत्तरे एकाच नमुना प्रकरणाला धरून दिली आहेत. वडील ७८ वर्षांचे, तासगावला राहतात आणि त्यांना ऐकू कमी येते. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. ३ फेब्रुवारी २०२६ रोजी वडिलांनी दुसऱ्या एका बँकेच्या एटीएममधून १०,००० रुपये काढायला कार्ड घातले. नोटा आल्या नाहीत, पण खात्यातून रक्कम वजा झाली. शाखेत दोनदा जाऊन आले, तर "येतील आपोआप" एवढेच उत्तर मिळाले. तुमची तक्रार पेन्शनची, मुदत ठेवीची किंवा लॉकरची असली तरी पत्रांची रचना हीच राहील. फक्त हकीकत आणि मागणी बदलेल.

मी त्यांचा मुलगा आहे, तरी बँक मला माहिती का देत नाही?

बँकेचे नाते खातेदाराशी असते, त्याच्या घराशी नसते. खातेदाराची माहिती त्याच्या संमतीशिवाय तिसऱ्या माणसाला द्यायची नाही हे बँकेवर बंधन आहे, आणि बँकेच्या लेखी मुलगा हा तिसराच माणूस. नॉमिनी म्हणून तुमचे नाव लागलेले असले तरी खातेदार हयात असेपर्यंत त्याने काहीही अधिकार मिळत नाही. त्यामुळे काउंटरवरचा कर्मचारी नकार देतो तेव्हा तो नियमाप्रमाणेच वागत असतो. त्याच्याशी वाद घालण्यात वेळ जातो, आणि अधिकारपत्र पुढे केले की तो मुद्दाच उरत नाही.

खाते संयुक्त असेल आणि त्यात तुमचे नाव असेल तर मात्र यातले काही लागत नाही. तुम्ही स्वतः खातेदार म्हणून तक्रार करा.

अधिकारपत्र, मँडेट आणि मुखत्यारपत्र यांत फरक काय?

बँकेत गोंधळ होतो तो इथेच. मँडेट म्हणजे खाते चालवायची परवानगी, म्हणजे तुमच्या सहीने पैसे काढता येतील अशी नोंद. ती बँकेच्या छापील फॉर्मवर होते. मुखत्यारपत्र हा त्याहून मोठा दस्त आहे. तो मुद्रांकावर होतो, नोटरीकडे जातो आणि त्यात मालमत्तेपासून कोर्टकचेरीपर्यंत बरेच काही येऊ शकते.

तक्रारीच्या पाठपुराव्याला या दोन्हींची गरज नाही. इथे लागते ते एका तक्रारीपुरते, ठरावीक मुदतीचे, साध्या कागदावरचे पत्र. "माझ्या वतीने बोलायला, कागद द्यायला-घ्यायला आणि उत्तर स्वीकारायला मी अमुक व्यक्तीला नेमत आहे" एवढेच त्यात सांगायचे असते. शाखेतून "मुखत्यारपत्र आणा" असे सांगितले गेले, तर बहुतेक वेळा समोरच्याचा समज असा झालेला असतो की तुम्हाला खात्याला हात लावायचा आहे. म्हणून अधिकारपत्रात "यात खाते चालवण्याचा अधिकार नाही" हे वाक्य ठळक लिहा. त्या एका वाक्याने बहुतेकदा मुद्रांकाचा आग्रह गळून पडतो, आणि वडिलांच्या पैशालाही संरक्षण मिळते.

अधिकारपत्राचा मजकूर नेमका कसा असावा?

नमुना प्रकरणासाठी असा:

> दिनांक: १६ फेब्रुवारी २०२६
>
> प्रति,
> मा. शाखा व्यवस्थापक,
> (बँक व शाखेचे नाव)
>
> विषय: बचत खाते क्र. (शेवटचे चार अंक ४४७१) – तक्रारीच्या पाठपुराव्यासाठी प्रतिनिधी नेमल्याबाबत
>
> महोदय,
>
> मी (वडिलांचे पासबुकावर आहे तसे पूर्ण नाव), वय ७८, वरील खात्याचा एकमेव खातेदार आहे. दि. ०३/०२/२०२६ रोजी एटीएममधून रक्कम न मिळता रु. १०,००० खात्यातून वजा झाल्याबद्दल मी आजच आपल्याकडे लेखी तक्रार दिली आहे.
>
> वय आणि कमी ऐकू येणे यामुळे मला वारंवार शाखेत येणे व फोनवर बोलणे जमत नाही. म्हणून या तक्रारीपुरता माझा मुलगा (मुलाचे आधारवर आहे तसे पूर्ण नाव, राहणार, मोबाईल, ईमेल) याला मी माझा प्रतिनिधी नेमत आहे. तो वकील म्हणून काम करत नाही.
>
> त्याला पुढील गोष्टी करता येतील: (१) या तक्रारीबाबत बँकेशी बोलणे व पत्रव्यवहार करणे, (२) या व्यवहाराशी संबंधित नोंदी आणि दि. ०१/०२/२०२६ पासूनचा खातेउतारा घेणे. (३) बँकेचे उत्तर स्वीकारणे. (४) गरज पडल्यास बँकेच्या वरिष्ठ कार्यालयाकडे व रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार दाखल करून तिथे माझी बाजू मांडणे.
>
> यात खाते चालवण्याचा अधिकार नाही. त्याला खात्यातून पैसे काढणे, वळते करणे, खात्याशी जोडलेला मोबाईल क्रमांक, पत्ता किंवा नामनिर्देशन बदलणे, तसेच माझ्या लेखी संमतीशिवाय तडजोड करणे यांचा अधिकार नाही. मिळणारी रक्कम माझ्या याच खात्यात जमा करावी.
>
> हे पत्र तक्रार निकाली निघेपर्यंत किंवा दि. ३१/१२/२०२६ पर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत लागू राहील. मी ते केव्हाही लेखी कळवून रद्द करू शकतो.
>
> खातेदाराची सही (बँकेतील नमुन्याप्रमाणे)
> प्रतिनिधीची सही – मला ही नेमणूक मान्य आहे
> साक्षीदार: नाव, पत्ता, सही

साक्षीदार घरातला नसेल तर चांगले. शेजारी किंवा निवृत्त शिक्षक चालतो, आणि त्याच शाखेत त्याचे खाते असेल तर फारच उत्तम.

चौथा मुद्दा अनेक जण गाळतात. मग बँकेने नकार दिला की लोकपालाकडे जाताना पुन्हा तासगाव गाठून नवी सही घ्यावी लागते. तो पहिल्याच पत्रात असू द्या.

सोबतचे पत्र वेगळे कशाला? अधिकारपत्रातच तक्रार लिहिली तर?

दोन्ही कागदांची कामे वेगळी आहेत. अधिकारपत्र "कोण बोलणार" हे सांगते आणि ते पुढे तीन-चार ठिकाणी जसेच्या तसे जोडायचे असते. सोबतचे पत्र "काय झाले आणि काय हवे" हे सांगते आणि ते प्रत्येक टप्प्यावर बदलते. दोन्ही एकत्र केले की दुसऱ्या टप्प्यावर जुनी मागणी असलेला कागदच फिरत राहतो.

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याआधी बँकेला लेखी तक्रार देऊन ३० दिवस वाट पाहावी लागते. बँकेने त्याआधीच नकार दिला किंवा अपुरे उत्तर दिले तर थांबायची गरज नाही. हे ३० दिवस मोजायचे ते तारीख आणि पोच असलेल्या तक्रारीपासून. तोंडी सांगितलेले, शाखेत मारलेले हेलपाटे यांतले काहीच त्यात धरले जात नाही.

त्या पत्राचा गाभा असा:

> विषय: एटीएममधून रक्कम न मिळता खात्यातून वजा – रु. १०,००० परत व विलंबाची भरपाई मिळण्याबाबत
>
> दि. ०३/०२/२०२६ रोजी सकाळी ११च्या सुमारास (ठिकाण) येथील (बँकेचे नाव) एटीएमवर मी रु. १०,००० काढण्याचा प्रयत्न केला. नोटा आल्या नाहीत. खात्यातून रक्कम वजा झाल्याची नोंद पासबुकात आहे. व्यवहार क्रमांक: (पावती किंवा संदेशातला).
>
> रिझर्व्ह बँकेच्या दि. २०/०९/२०१९ च्या परिपत्रकानुसार ही रक्कम व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत, म्हणजे दि. ०८/०२/२०२६ पर्यंत जमा व्हायला हवी होती. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला रु. १०० भरपाई देय आहे. आजपर्यंत ८ दिवसांचे रु. ८०० होतात.
>
> मागणी: (१) रु. १०,००० जमा करावेत. (२) जमा होण्याच्या दिवसापर्यंतची भरपाई द्यावी. (३) दावा नाकारायचा असल्यास एटीएमच्या यंत्रातील व्यवहार नोंद आणि त्या दिवशीच्या रोकड ताळमेळाच्या आधारे कारण लेखी कळवावे. (४) त्या वेळेचे सीसीटीव्ही चित्रण तक्रार मिटेपर्यंत जपून ठेवण्यास संबंधित बँकेला कळवावे.
>
> या तक्रारीचा पाठपुरावा सोबतच्या अधिकारपत्रानुसार माझा मुलगा करील. उत्तराची एक प्रत मला घरच्या पत्त्यावर व एक त्याच्या ईमेलवर पाठवावी.
>
> सोबत: १. अधिकारपत्र, २. पासबुकाच्या संबंधित पानाची प्रत, ३. एटीएम पावती, ४. खातेदाराच्या व ५. प्रतिनिधीच्या ओळखपत्राची प्रत.

या पत्रावर सही कोणाची, वडिलांची की माझी?

पहिल्या तक्रारीवर वडिलांचीच घ्या. नियमाने प्रतिनिधीची सहीही चालते. पण मुलाच्या सहीचा आणि मुलाच्या ईमेलवरून आलेला अर्ज "तक्रारदार आमचा ग्राहक नाही" असे लिहून बंद झाल्याची प्रकरणे घडतात, कारण जोडलेले अधिकारपत्र कोणी उघडलेलेच नसते. वडिलांची सही असली की ती वाट बंद होते. पुढची स्मरणपत्रे तुम्ही "खातेदाराचा अधिकृत प्रतिनिधी" असे लिहून स्वतःच्या सहीने पाठवा आणि प्रत्येक वेळी अधिकारपत्राची प्रत जोडा.

वडिलांची सही आता पूर्वीसारखी येत नाही. बँक "सही जुळत नाही" म्हणाली तर?

वयस्कर खातेदारांची पत्रे सर्वांत जास्त अडतात ती याच कारणाने. बँकेकडचा सहीचा नमुना वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा असतो, आणि हात थरथरू लागल्यावर सही आखूड होते, तिरपी होते किंवा आडनावच गळते. आधी जुना चेक किंवा मुदत ठेवीचा अर्ज काढून नमुना मराठीत होता की इंग्रजीत ते पाहा. खाते उघडताना मोडीवळणाची मराठी सही केलेली आणि आता इंग्रजीत करायची सवय, असा फरक हमखास सापडतो. अधिकारपत्रावर नमुन्याप्रमाणे सही घ्या. ती जमत नसेल तर ओढूनताणून जुनी सही गिरवू नका. त्या प्रयत्नात ती बनावट दिसते.

अशा वेळी वडिलांना एकदाच शाखेत नेऊन दोन कामे उरका: नवा सहीचा नमुना नोंदवा आणि अधिकारपत्रावर अधिकाऱ्यासमोर सही करून "माझ्यासमोर सही केली" असा शेरा, अधिकाऱ्याचे नाव, पद आणि शिक्का घ्या. सही अजिबातच येत नसेल तर अंगठा चालतो. आजारी किंवा वृद्ध खातेदाराच्या अंगठ्याची ओळख दोन स्वतंत्र साक्षीदारांनी पटवायची आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असायचा, ही पैसे काढण्यासाठीची पद्धत आहे. पत्रासाठीही तीच वापरली तर नंतर कोणी शंका घेत नाही. वडील अंथरुणाला खिळलेले असतील तर सत्तरीपुढच्या ग्राहकांसाठीच्या घरपोच सेवेचा उल्लेख करून अधिकारी घरी पाठवण्याची लेखी विनंती करा.

नावातला फरक अडचण करतो का?

करतो. पासबुकावर "दत्तात्रय", आधारवर "दत्तात्रेय", आणि पेन्शनच्या कागदावर फक्त आद्याक्षरे, असे घरोघरी असते. अधिकारपत्रात खात्यावरचे नाव घ्या आणि खाली एक ओळ घाला: "आधारकार्डावर माझे नाव अमुक असे आहे, दोन्ही व्यक्ती एकच आहेत."

ओळखपत्राच्या प्रती देताना काय जपावे?

आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्या. अशी झाकलेली प्रत आधारच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. प्रत्येक प्रतीवर आडवे लिहा: "फक्त दि. १६/०२/२०२६ च्या तक्रारीसाठी". पत्रात पूर्ण कार्ड क्रमांक लिहू नका, शेवटचे चार अंक पुरतात. पिन, ओटीपी किंवा कार्डामागचा तीन अंकी क्रमांक तक्रारीसाठी कधीच लागत नाही. "तक्रार मिटवतो, ओटीपी सांगा" असा फोन वडिलांना आला तर तो बँकेचा नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. तक्रार केलेल्या वृद्धांना असे फोन सहज खरे वाटतात, कारण ते बँकेच्या फोनची वाटच पाहत असतात.

शाखेत कागद द्यायचे कसे?

दोन संच करा. एक बँकेला द्या आणि दुसऱ्यावर पोच घ्या. पोच म्हणजे तारीख, शाखेचा गोल शिक्का, घेणाऱ्याची सही आणि जमल्यास आवक क्रमांक. पोच फक्त वरच्या पत्रावर मिळाली आणि अधिकारपत्राचा उल्लेख राहिला तर उद्या "अधिकारपत्र मिळालेच नाही" असे उत्तर येऊ शकते. म्हणूनच पत्राच्या शेवटी "सोबत" ही यादी हवी. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर तोच संच स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोहोचल्याची नोंद छापून ठेवा.

त्याच दिवशी बँकेच्या संकेतस्थळावर किंवा ग्राहक सेवा क्रमांकावरही तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. एटीएम दुसऱ्या बँकेचे असले तरी तक्रार वडिलांचे खाते आणि कार्ड ज्या बँकेत आहे तिच्याकडेच करायची. दुसऱ्या बँकेशी बोलणे तिचे काम आहे.

बँक म्हणते, तुमचा मोबाईल क्रमांक खात्याला जोडा, म्हणजे सोपे होईल. जोडू का?

नको. तक्रारीचा संपर्क क्रमांक आणि खात्याशी जोडलेला क्रमांक या वेगळ्या गोष्टी आहेत. खात्याला तुमचा क्रमांक लागला की वडिलांच्या व्यवहारांचे संदेश आणि ओटीपी तुमच्याकडे येऊ लागतात. त्यांना स्वतःच्या खात्यात काय चालले आहे ते कळेनासे होते, आणि भावंडांमध्ये संशयाला जागा मिळते.

पैसे परत आले, पण भरपाई आली नाही. आता?

हे फार वेळा होते. नमुना प्रकरणात रक्कम २५ मार्चला जमा झाली असे धरू. ८ फेब्रुवारीनंतर २५ मार्चपर्यंत ४५ दिवस होतात, म्हणजे ४,५०० रुपये. ही भरपाई ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता बँकेने स्वतःहून जमा करायची असते. ती न देता "तक्रार निकाली" असा संदेश आला तर प्रतिनिधी म्हणून एका ओळीचे उत्तर लगेच पाठवा: "मूळ रक्कम मिळाली, ४५ दिवसांची रु. ४,५०० भरपाई बाकी असल्याने तक्रार निकाली निघालेली नाही." "पूर्ण समाधान झाले" असे छापलेल्या कागदावर सही करू नका, वडिलांनाही करू देऊ नका. कोणी घरी सहीसाठी आले तर आधी तुम्हाला फोन करायचा, एवढे त्यांच्याशी ठरवून ठेवा.

लोकपालाकडे मी स्वतः तक्रार दाखल करू शकतो का?

हो. १६ फेब्रुवारीची पोच असेल तर १८ मार्चला ३० दिवस पूर्ण होतात, त्यानंतर जाता येते. तक्रार cms.rbi.org.in या संकेतस्थळावर नोंदवता येते. शुल्क काही नाही. चौकशीसाठी १४४४८ हा टोल फ्री क्रमांक आहे. तक्रारदार म्हणून वडिलांचे नाव आणि प्रतिनिधी म्हणून तुमचे, ही अदलाबदल होऊ देऊ नका. तक्रारदाराच्या रकान्यात मुलाचे नाव पडले की बँकेच्या नोंदीशी ते जुळत नाही. नोंदणी करताना मोबाईलवर ओटीपी येतो, तेव्हा ज्याचा क्रमांक दिला तो फोन हाताशी ठेवा. अधिकारपत्र, पोच असलेली तक्रार आणि बँकेचे उत्तर एकाच फाइलमध्ये क्रमाने जोडा.

बँकेची मुदत संपल्यावर रेंगाळू नका. लोकपालाकडे जाण्यालाही मुदत आहे, आणि सीसीटीव्ही चित्रण त्याआधीच पुसले जाऊ शकते.

मी वकील आहे. मला प्रतिनिधी होता येईल?

लोकपालापुढे नाही. रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेत प्रतिनिधी "वकील सोडून अन्य व्यक्ती" असावा अशी अट आहे. वकिलामार्फत आलेली तक्रार, तो स्वतःच पीडित ग्राहक नसेल तर, स्वीकारली जात नाही. मुलगा वकील असेल तर बहीण, सून किंवा नातू यांना नेमा. मसुदा तुम्ही करून द्या.

खाते पतसंस्थेत आहे. हेच चालेल?

पत्रांचे नमुने चालतील, पण पुढचा रस्ता वेगळा. पतसंस्था ही बँक नव्हे आणि ती रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत येत नाही. तिथे तक्रार सहकार खात्याकडे, तालुक्याच्या सहायक किंवा उपनिबंधकांकडे जाते. अधिकारपत्रातला चौथा मुद्दा त्याप्रमाणे बदला.

आईला स्मृतिभ्रंश आहे. तिची सही घेतली तर?

आपण कशावर सही करतो हे तिला समजत असेल, तर घ्या. साक्षीदारासमोर पत्र वाचून दाखवा, आणि त्याच आठवड्यातला डॉक्टरांचा दाखला जवळ ठेवा. समजत नसेल तर घेऊ नका. असे पत्र टिकत नाही, आणि पूर्वी केलेले साधे मुखत्यारपत्रही व्यक्ती समजण्याच्या अवस्थेत राहिली नाही की भारतीय करार कायद्याप्रमाणे संपते. मग उच्च न्यायालयातून पालक म्हणून नेमणूक करून घ्यावी लागते. खाते आईवडिलांचे संयुक्त असेल तर मात्र वडिलांनी त्यांच्या नावाने तक्रार करून तुम्हाला नेमावे.

तक्रार चालू असताना वडील वारले तर?

अधिकारपत्र त्याच दिवशी संपते. त्यावर पुढे पत्रव्यवहार करू नका. मृत्यूचा दाखला जोडून बँकेला आणि तक्रार तिथे गेली असल्यास लोकपाल कार्यालयाला कळवा, आणि जुन्या तक्रारीचा क्रमांक देऊन ती नॉमिनी किंवा वारस म्हणून पुढे चालवण्याची मागणी करा. येणे असलेली रक्कम खात्याच्या शिल्लकेचाच भाग आहे. मृत खातेदाराच्या दाव्याचा फॉर्म भरताना "तक्रार क्र. अमुक अन्वये येणे बाकी" अशी नोंद त्यात करून घ्या, नाहीतर खाते बंद होताना ती रक्कम सुटून जाते.